बीओक्यूची बेरीज जुळत नाही: फरकाच्या आकड्यावरून चूक कशी ओळखायची

निविदेच्या प्राइस बिडमध्ये बीओक्यू, म्हणजे कामाच्या बाबी, परिमाण आणि दर यांचा तक्ता, भरताना एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. आपल्या शीटमध्ये एकूण रक्कम एक दिसते, तपासणाऱ्याने कॅल्क्युलेटरवर दर आणि परिमाण गुणून बेरीज केली की दुसरीच येते. कधी फरक दोन-चार रुपयांचा असतो, कधी लाखांचा. बरेच जण अशा वेळी सगळे दर नव्याने टाइप करायला बसतात, आणि त्या गडबडीत आणखी एखादी चूक करून ठेवतात. माझा सल्ला वेगळा आहे. आधी फरक नेमका किती आहे तो आकडा काढा आणि कागदावर लिहा. चूक कुठे आहे हे बहुतेक वेळा तो आकडाच सांगतो.

त्याआधी एक नियम पक्का ठाऊक हवा, कारण कोणती चूक किती महागात पडेल हे त्यावर ठरतं. बाबवार दराच्या निविदेत आपण जे वचन देतो ते दराचं असतं. रक्कम हा त्या दराचा परिणाम. जागतिक बँकेच्या नमुना निविदा दस्तऐवजांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे आणि इतर बऱ्याच निविदांत त्याच अर्थाचं कलम सापडतं: दर आणि रक्कम यांचा मेळ बसत नसेल तर दर कायम धरायचा आणि रक्कम दुरुस्त करायची. ओळींच्या रकमा बरोबर पण खालची बेरीज चुकली असेल तर ओळी कायम आणि बेरीज दुरुस्त. म्हणजे शेवटच्या चौकटीत तुम्ही कितीही ठळक अक्षरात आकडा लिहा, मूल्यमापन समिती वरून खाली पुन्हा गुणाकार-बेरीज करत येणार. म्हणून तपासणी दराच्या रकान्यापासून सुरू करायची. बेरजेपासून नाही.

उदाहरणासाठी कुंपणभिंतीच्या कामाचा पाच बाबींचा छोटा बीओक्यू घेऊ. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, ते बाजारभाव नाहीत.

| अ.क्र. | बाब | एकक | परिमाण | दर | रक्कम |
|---|---|---|---|---|---|
| १ | पायाची खोदाई | घनमीटर | १८६ | २१४.३७ | ३९,८७३.५६ |
| २ | पायाखालचे साधे काँक्रीट | घनमीटर | २४ | ५,३१८.६७ | १,२७,६४८.०० |
| ३ | वीटकाम | घनमीटर | ९२ | ६,७४२.५० | ६,२०,३१०.०० |
| ४ | गिलावा | चौरस मीटर | १,३४० | २८७.४७ | ३,८५,२०७.१२ |
| ५ | रंगकाम | चौरस मीटर | १,३४० | ९६.४४ | १,२९,२३४.९६ |
| | एकूण | | | | १३,०२,२७३.६४ |

शीटवर हे सगळं नीटनेटकं दिसतं. आता छापलेला कागद घ्या आणि पहिलीच ओळ हाताने गुणा. २१४.३७ गुणिले १८६ म्हणजे ३९,८७२.८२. कागदावर ३९,८७३.५६ आहे. पाचही ओळी अशा केल्या तर एकूण येतं १३,०२,२७०.३०. फरक ३.३४.

फरक किरकोळ असेल तर: दरामागे लपलेले दशांश

इतका लहान आणि विचित्र फरक दिसला की कारण बहुधा एकच. दराच्या चौकटीत दिसणारा आकडा आणि तिथे खरोखर साठवलेला आकडा वेगळे आहेत. दर आपण हाताने टाइप केलेला नसतो, तो रेट ॲनालिसिसच्या शीटवरून सूत्राने आलेला असतो. मजुरी, साहित्य, वाहतूक, नफा यांची बेरीज करून एककाने भागलं की शेपूट उरतंच. वरच्या उदाहरणात खोदाईचा साठवलेला दर २१४.३७४ आहे, काँक्रीटचा ५,३१८.६६६६..., गिलाव्याचा २८७.४६८ आणि रंगाचा ९६.४४४. चौकटीला दोन दशांशांचं फॉरमॅट दिलं म्हणून तेवढेच दिसतात, पण गुणाकार पूर्ण शेपटासकट होतो.

चौकटीवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये बघितलं आणि तिथे आकड्याऐवजी दुसऱ्या शीटचा संदर्भ दिसला, तर संशय खरा. उपाय म्हणजे गुणाकाराच्या आधी दर दोन दशांशांवर आणायचा. क्रम इथे महत्त्वाचा आहे. कितीतरी जण रकमेला ROUND लावतात आणि दर तसाच ठेवतात, त्याने काहीच सुधारत नाही. रकाना D परिमाणाचा, E दराचा, F रकमेचा धरला तर, नमुन्यात फेरफाराची मुभा असल्यास:

```
E5:  =ROUND(Analysis!H20,2)
F5:  =ROUND(D5*E5,2)
F10: =SUM(F5:F9)
```

Analysis!H20 च्या जागी तुमच्या विश्लेषणातली दराची चौकट येईल. निविदा काढणाऱ्याने दिलेली शीट कुलूपबंद असेल आणि फक्त दराच्या चौकटी उघड्या असतील, तर त्यात सूत्र घालायच्या भानगडीत पडू नका. आपल्या शीटमध्ये दोन दशांशांवर आणलेला दर तिथे आकडा म्हणून टाइप करा. पेस्ट करायचाच असेल तर फक्त मूल्य पेस्ट करा, आणि तेही आपल्या शीटमध्ये ROUND लावल्यानंतरच, नाहीतर शेपूटही बरोबर जाईल.

एक्सेलमध्ये दिसतात तेवढेच दशांश धरण्याची सोयही आहे. ती वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती चालू केली की त्या संपूर्ण फाइलमधले जादाचे दशांश कायमचे जातात, रेट ॲनालिसिसमधलेसुद्धा. सिमेंटचा वापर घनमीटरला ०.३२५ ऐवजी ०.३३ झाला तर दराचा पायाच हलतो.

३.३४ च्या फरकावरून बिड बाद होणं दुर्मीळ आहे, समिती दुरुस्त आकडा लिहून पुढे जाते. तरी ही चूक ठेवू नये, कारण काम मिळाल्यावर प्रत्येक बिलात हाच प्रश्न पुन्हा निघतो. बिल छापील दराने निघतं आणि तुमच्या शीटशी ते कधीच जुळत नाही.

फरक एखाद्या ओळीच्या रकमेइतकाच असेल तर

आता समजा हाताने केलेली बेरीज १३,०२,२७०.३० आहे आणि शीट ११,७३,०४०.७० दाखवते. फरक १,२९,२२९.६०. हा आकडा ओळीच्या रकमांशी ताडून बघा. ही रंगकामाची रक्कम आहे, पैशापर्यंत. म्हणजे ती ओळ बेरजेत धरलीच गेलेली नाही.

याची दोन कारणं नेहमी सापडतात. पहिलं सोपं आहे. बीओक्यूत शेवटी एक बाब वाढली, ओळ बेरजेच्या अगदी वर घुसवली आणि SUM ची व्याप्ती आधीच्या ओळीपाशीच थांबली. बेरजेच्या चौकटीवर डबल क्लिक केलं की व्याप्तीभोवती रंगीत चौकट दिसते, तीत शेवटची ओळ येते का ते बघायचं.

दुसरं कारण जरा फसवं आहे. रकमेच्या चौकटीतला आकडा प्रत्यक्षात आकडा नसून मजकूर आहे. दुसऱ्या कागदपत्रातून किंवा पीडीएफमधून कॉपी केलं की असं होतं. SUM चौकटींमधला मजकूर गुपचूप वगळतं, कोणतीही सूचना देत नाही. गंमत अशी की परिमाण किंवा दर मजकूर असेल तर गुणाकार बहुतेक वेळा बरोबर येतो, कारण गुणताना एक्सेल त्याचा आकडा करून घेतं. त्यामुळे ओळ बरोबर दिसते आणि तिच्यावर कुणाला शंका येत नाही. खूण अशी: मुद्दाम संरेखन दिलेलं नसेल तर असा आकडा चौकटीत डावीकडे चिकटतो, आणि बऱ्याचदा कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण दिसतो. पक्की तपासणी हवी असेल तर:

```
=COUNT(D5:D9)
=COUNT(E5:E9)
=COUNT(F5:F9)
```

COUNT फक्त खऱ्या आकड्यांच्या चौकटी मोजतं. पाच ओळी असताना एखाद्या रकान्यात चार आले तर त्या रकान्यात मजकूर आहे किंवा रिकामी चौकट आहे.

रिकाम्या चौकटीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. दर न भरलेली बाब म्हणजे ती बाब आपल्याला करायची नाही, असा समज काही ठिकाणी दिसतो. जागतिक बँकेच्या बांधकामाच्या नमुना दस्तऐवजांत नेमकं उलट म्हटलं आहे: जिचा दर भरलेला नाही त्या बाबीचं काम झालं तरी वेगळे पैसे मिळणार नाहीत, तिचा खर्च इतर बाबींच्या दरांत धरलेला आहे असं मानलं जाईल. काही निविदांत तर रिकामा दर म्हणजे बिड अपूर्ण. त्यामुळे एखादी बाब खरोखर विनामूल्य द्यायची असेल तर कलम वाचून शून्य लिहायचं की काय ते ठरवा. चौकट रिकामी ठेवायची नाही.

फरक ओळीऐवजी एखाद्या भागाच्या पोटबेरजेइतका असेल आणि शीटचं एकूण जास्त येत असेल, तर पोटबेरीज दोनदा मोजली गेली आहे. पोटबेरजा आणि शेवटचं एकूण, दोन्हीकडे SUM ऐवजी =SUBTOTAL(9,...) वापरलं की शेवटचं सूत्र आतल्या पोटबेरजा आपोआप वगळतं.

फरक मोठा असेल तर: एककाची गल्लत

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून हे सावकाश बघू.

गिलाव्याची ओळ पुन्हा घ्या. समजा निविदेच्या नमुन्यात एकक "चौरस मीटर" नसून "१० चौरस मीटर" आहे आणि परिमाण १३४ आहे. काम तेवढंच, १,३४० चौरस मीटर. पण आपलं रेट ॲनालिसिस एका चौरस मीटरचं होतं. दराच्या रकान्यात २८७.४७ गेला. रकमेचा रकाना हाताने भरायचा होता, तिथे आपल्या शीटवरून ३,८५,२०९.८० लिहिलं गेलं. आपल्या दृष्टीने सगळं जुळलेलं आहे.

समिती गुणाकार करते: २८७.४७ गुणिले १३४, म्हणजे ३८,५२०.९८. दर कायम, रक्कम दुरुस्त. एकूण १३,०२,२७०.३० वरून ३,४६,६८८.८२ ने उतरून ९,५५,५८१.४८ वर येतं. आता तुम्ही कदाचित सर्वांत कमी दराचे निविदाधारक ठरलात, आणि गिलावा एक दशांश किमतीत करून द्यायला बांधले गेलात. दुरुस्ती मान्य नाही म्हणालात तर बिड फेटाळलं जातं, आणि अनेक दस्तऐवजांत बयाणा रक्कमही जप्त होऊ शकते.

याला एक अपवाद आहे. जागतिक बँकेच्या त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की दरातलं दशांश चिन्ह उघडपणे चुकीच्या जागी पडलं आहे असं निविदा काढणाऱ्याला वाटलं, तर लिहिलेली रक्कम कायम धरून दर दुरुस्त करायचा. इथे तसं मानता येईल, कारण २,८७४.७० गुणिले १३४ बरोबर ३,८५,२०९.८० होतात. पण "वाटलं तर" हा निर्णय त्यांचा आहे, आणि तुमच्या निविदेत हा अपवाद आहेच असंही नाही. शिवाय रकमेचा रकाना सूत्राने भरला जात असेल तर तिथेही ३८,५२०.९८ च उमटेल आणि विसंगती उरणारच नाही. मग चूक होती हे दाखवायला तुमच्या हातात काहीही नसतं. स्वयंचलित शीटमुळे गणिताच्या चुका कमी झाल्या हे खरं, पण एककाची चूक त्यात अधिक लपते, कारण शीट गुणाकार बिनचूक करते.

या चुकीची ओळख सोपी आहे. आपल्या अंदाजातली ओळीची रक्कम आणि प्राइस बिडमधली रक्कम यांतला फरक आपल्या रकमेच्या बरोबर ९० टक्के असेल तर एकक दहापट चुकलंय, ९९ टक्के असेल तर शंभरपट. वर ३,४६,६८८.८२ हे ३,८५,२०९.८० चे बरोबर ९० टक्के आहेत. खोदाई आणि वीटकाम घनमीटरमध्ये, गिलावा आणि रंग चौरस मीटरमध्ये, लोखंड कधी किलोत, कधी क्विंटलमध्ये तर कधी टनात, पाइप मीटरमध्ये: दर टाकण्याआधी प्रत्येक ओळीचं एकक निविदेतून मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्या माणसाने रेट ॲनालिसिसमधलं एकक वाचायचं. दोन माणसांचं हे काम आहे. ज्याने दर काढला त्याला स्वतःची गल्लत सहसा दिसत नाही.

फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटे पडलेत का तेही बघा. २८७.४७ ऐवजी २७८.४७ टाइप झालं तर दरात ९ चा आणि रकमेत १२,०६० चा फरक पडतो. १२,०६० भागिले ९ म्हणजे १,३४०. योगायोगानेही नऊने भाग जाऊ शकतो, म्हणून याला पुरावा मानायचं नाही, पण कुठे शोधायचं ते कळतं.

शेवटच्या क्षणी एकूण कमी केलं असेल तर

फरक गोल आकड्यामुळे आला असेल, म्हणजे दरांवरून १३,०२,२७०.३० होतात आणि खाली १२,९०,००० लिहिलंय, तर कुणीतरी सादर करण्याच्या आदल्या रात्री "एवढ्यात बसवू" म्हणून फक्त शेवटचा आकडा बदलला आहे. दरांना हात लावलेला नाही. ओळी कायम धरायच्या नियमाने समिती तो पुन्हा १३,०२,२७०.३० करेल आणि दिलेली सूट हवेत विरेल.

सूट द्यायची असेल तर नमुन्यात किंवा बिडच्या पत्रात तिच्यासाठी जागा आहे का ते बघा आणि तिथेच, कुठल्याही अटीशिवाय लिहा. जागा नसेल तर दर बदलणं हाच मार्ग. वरच्या उदाहरणात १२,२७०.३० कमी करायचे आहेत. वीटकामाचं परिमाण ९२, म्हणून दर १३३.३७ ने उतरवून ६,६०९.१३ केला की ओळ ६,०८,०३९.९६ होते आणि एकूण १२,९०,०००.२६. पूर्ण गोल आकडा येत नाही, आणि तो आणण्याचा अट्टाहासही करू नये. मात्र सगळी सूट एकाच बाबीवर टाकण्यात धोका आहे: काम करताना नेमकं वीटकाम वाढलं तर प्रत्येक वाढीव घनमीटरवर तो तोटा येतो. मी असतो तर तीन-चार बाबींवर थोडा थोडा वाटला असता.

सादर करण्याआधीची एक चौकट

आपल्या शीटच्या बाजूला, नमुन्याच्या बाहेर, हे सूत्र ठेवा:

```
=SUMPRODUCT(ROUND(ROUND(E5:E9,2)*D5:D9,2))-F10
```

हे दर दोन दशांशांवर आणतं, ओळ ओळ गुणून पुन्हा दोन दशांशांवर आणतं, बेरीज करतं आणि शीटच्या एकूणमधून फरक दाखवतं. उत्तर शून्य हवं. #VALUE! आलं तर दर किंवा परिमाणात असा मजकूर आहे ज्याचा आकडा होत नाही, बहुधा आकड्याला चिकटलेलं एखादं अदृश्य चिन्ह. या सूत्राची मर्यादा ध्यानात ठेवा: एककाची गल्लत याला दिसत नाही आणि चुकीचा दरही दिसत नाही. त्यासाठी वर सांगितलेलं दोन माणसांचं वाचन लागतंच. आणि अंतिम पीडीएफ तयार झाल्यावर त्या पीडीएफवरून, शीटवरून नव्हे, सर्वांत मोठ्या रकमेच्या तीन ओळी कॅल्क्युलेटरवर गुणून बघा.

चूक बिड सादर झाल्यावर सापडली तर आधी मुदत बघा. मुदत उरली असेल आणि निविदा परवानगी देत असेल तर बिड मागे घेऊन किंवा बदलून नव्याने सादर करा. मुदत संपली असेल तर दर बदलता येत नाही. समितीकडून अंकगणिती दुरुस्तीचं पत्र येतं, त्याला उत्तर देताना फक्त दुरुस्त आकडा मान्य आहे की नाही एवढंच लिहायचं असतं. दराचं स्पष्टीकरण, वाढीव मागणी किंवा नवी अट त्यात घातली तर तो बिडमध्ये फेरफार समजला जाऊ शकतो. दशांश चिन्हाची उघड चूक दाखवायची असेल तर त्याच पत्रोत्तरात, मुदतीच्या आत, ओळ क्रमांक आणि दोन्ही गुणाकार लिहून दाखवा, आणि सोबत आपल्या मूळ बिडमधली रक्कम दाखवणारं पान जोडा.